हप्ता २,९२५ रुपये, पण गाडी कितीला पडली?

दुचाकीच्या शोरूममध्ये टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच प्रश्न घोळत असतो: हप्ता किती बसेल? गिऱ्हाईक तो विचारते, कारण पगारातून महिन्याला किती पैसे बाजूला काढता येतील हे त्याला नेमके ठाऊक असते. विक्री प्रतिनिधीही हप्त्याचीच भाषा बोलतो, कारण लाखाच्या गाडीपेक्षा तीन हजारांचा हप्ता कानाला हलका लागतो. दोघांच्या बोलण्यात एक आकडा मात्र बहुधा येतच नाही. डाउन पेमेंट, सगळे हप्ते आणि प्रोसेसिंग फी मिळून ही गाडी शेवटी कितीला पडणार?

हा आकडा काढायला पाचवीचे गणित पुरते. तरीही तो न काढताच सह्या होतात. तो कसा काढायचा, तो काढताना कुठे फसायला होते आणि त्या आकड्याच्या पोटात काय असते, हे एकाच उदाहरणावरून पाहू.

पाच ओळींचा हिशेब

समजा, पुण्याजवळच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या एका तरुणाला साधी स्कूटर घ्यायची आहे. एक्स-शोरूम किंमत ८५,५०० रुपये. आरटीओचा कर आणि नोंदणी १०,५००, विमा ७,५००, गार्ड, सीटकव्हर वगैरे ॲक्सेसरीज २,५००. म्हणजे गाडी रस्त्यावर येईपर्यंतची किंमत, जिला सगळे ऑन-रोड म्हणतात, ती झाली १,०६,००० रुपये. हे आकडे नमुन्याचे आहेत. शहर, मॉडेल आणि विमा कंपनी बदलली की तेही बदलतील, पण रीत बदलणार नाही.

तो २५,००० रुपये डाउन पेमेंट भरतो. उरलेल्या ८१,००० रुपयांचे कर्ज ३६ महिन्यांसाठी घेतो. फायनान्सवाला सांगतो, “व्याज दहा टक्के, हप्ता २,९२५.” प्रोसेसिंग फी २,००० रुपये आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६० रुपये. एकूण २,३६०.

आता कागदावर मांडू.

डाउन पेमेंट: २५,०००
हप्ते: २,९२५ × ३६ = १,०५,३००
प्रोसेसिंग फी, जीएसटीसह: २,३६०
एकूण दिलेले पैसे: १,३२,६६०
ऑन-रोड किमतीपेक्षा जास्त: २६,६६०

रोखीने १,०६,००० ला मिळणारी स्कूटर त्याला १,३२,६६० ला पडली. जास्तीच्या २६,६६० रुपयांपैकी २४,३०० व्याजाचे आणि २,३६० फीचे. ही जास्तीची रक्कम वाईटच असते असे नाही. गाडीमुळे शिफ्टची नोकरी धरता येत असेल, रोजचे रिक्षाभाडे वाचत असेल, तर तीन वर्षांत २६,००० रुपये मोजणे रास्तही ठरू शकेल. पण तो निर्णय घ्यायचा तर आकडा आधी डोळ्यांसमोर हवा. हप्ता फक्त एवढेच सांगतो की, हे मला महिन्याला झेपेल का. हा सौदा परवडतो का, याचे उत्तर पाच ओळींचा हिशेबच देतो.

प्रोसेसिंग फी कुठे दडते?

वरच्या हिशेबात सर्वांत लहान रक्कम प्रोसेसिंग फीची आहे, पण गोंधळ सर्वांत जास्त तिच्याच बाबतीत होतो. कारण ती वसूल करण्याच्या तीन वेगळ्या पद्धती आहेत आणि प्रत्येकीचा हिशेब निराळा.

पहिली पद्धत सरळ आहे. फी वेगळी रोख किंवा ऑनलाइन भरायची, पावती घ्यायची. तेव्हा ती एकूण रकमेत वेगळी मिळवायची. वर आपण तेच केले.

दुसऱ्या पद्धतीत फी कर्जाच्या रकमेतून आधीच कापली जाते. कागदावर कर्ज ८१,००० चे असते, पण डीलरच्या खात्यात ७८,६४० च जातात. तुटीचे २,३६० रुपये डीलर अर्थातच सोडत नाही, ते गिऱ्हाइकाकडूनच घेतो. त्यामुळे “डाउन पेमेंट २५,०००” ठरलेले असताना शोरूममध्ये प्रत्यक्षात २७,३६० द्यावे लागतात. इथे फी डाउन पेमेंटच्या पोटात शिरली. एकूण तेच राहते, १,३२,६६०. मात्र २७,३६० धरून वर पुन्हा फी मिळवली, तर तीच रक्कम दोनदा मोजली जाते.

तिसऱ्या पद्धतीत फी कर्जातच मिळवतात. गिऱ्हाइकाला बरे वाटते, कारण आज खिशातून काही जात नाही. पण आता कर्ज ८३,३६० चे होते. त्याच दराने हप्ता सुमारे ३,०१० रुपये बसतो आणि सगळे हप्ते मिळून १,०८,३६८ होतात. त्यात २५,००० मिळवले की १,३३,३६८. पहिल्या पद्धतीपेक्षा ७०८ रुपये जास्त, कारण फीवरही तीन वर्षे व्याज चढले. इथेही फी वेगळी मिळवायची नाही, ती हप्त्यात आलेलीच आहे.

म्हणून प्रश्न फक्त “फी किती?” एवढाच नको. “ती आज वेगळी भरायची, कर्जातून कापणार की कर्जात मिळवणार?” असा हवा. याच्या जोडीला “कर्जाच्या रकमेतले शोरूमला नेमके किती जाणार?” हेही विचारावे. या दोन उत्तरांत फीचा पत्ता लागतो.

आगाऊ हप्त्याचेही असेच आहे. काही ठिकाणी पहिला हप्ता गाडी घेतानाच भरून घेतात. ३६ पैकी एक आधी दिला, तर पुढे ३५ च उरले पाहिजेत. बँक खात्यातून आपोआप हप्ता कापण्यासाठी आपण जी सही देतो, त्या कागदावर किंवा परतफेडीच्या तक्त्यात ३६ हप्ते दिसत असतील, तर एक हप्ता, म्हणजे २,९२५ रुपये, जास्तीचा जाणार आहे. तक्त्यातल्या ओळी बोटाने मोजल्या तरी हे कळते.

दहा टक्के कशाचे?

आता व्याजाकडे वळू. फायनान्सवाल्याने दहा टक्के सांगितले होते. त्याचा हिशेब असा: ८१,००० चे दहा टक्के म्हणजे वर्षाला ८,१००. तीन वर्षांचे २४,३००. मुद्दल आणि व्याज मिळून १,०५,३००, भागिले ३६, हप्ता २,९२५. गणितात चूक नाही. फक्त याला फ्लॅट दर म्हणतात आणि तो बँकेच्या गृहकर्जाच्या किंवा सोने तारण कर्जाच्या दराशेजारी ठेवून तुलना करण्याजोगा नाही.

कारण साधे आहे. पहिल्या हप्त्यापासूनच आपण थोडे थोडे मुद्दल परत करत जातो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ८१,००० मधले बरेच पैसे आपल्याकडे राहिलेलेच नसतात. तरीही फ्लॅट दराने तिन्ही वर्षे पूर्ण ८१,००० वर व्याज धरले जाते. दर महिन्याला जेवढे मुद्दल खरोखर शिल्लक आहे तेवढ्यावरच व्याज लावायचे, असा हिशेब केला तर हेच कर्ज वर्षाला सुमारे १७.९ टक्क्यांचे निघते. याला रिड्यूसिंग किंवा घटत्या शिलकीवरचा दर म्हणतात. हप्ता तोच, एकूणही तेच. बदलला तो फक्त दराचा बोलका आकडा. तीन वर्षांच्या मुदतीला फ्लॅट दराची पावणेदोन पट केली की खऱ्या दराचा ढोबळ अंदाज येतो.

यात फी धरली की दर आणखी वर जातो. तरुणाच्या नावावर कर्ज ८१,००० चे लागले, पण २,३६० फीत गेल्यामुळे त्याच्या उपयोगी प्रत्यक्षात ७८,६४० च आले. हप्ते मात्र पूर्ण कर्जाचे. ही बाब जमेस धरून काढलेला वार्षिक दर सुमारे २०.१ टक्के येतो. या दराला एपीआर म्हणतात. म्हणजे तोंडी दहा, शिलकीवर अठरा आणि फीसकट वीस. तिन्ही आकडे एकाच कर्जाचे आहेत.

दोन फायनान्स कंपन्यांची तुलना करताना म्हणूनच एकाचा फ्लॅट दर दुसऱ्याच्या रिड्यूसिंग दरासमोर ठेवू नये. “आमचा दहा, त्यांचा पंधरा” या वाक्यात पंधरावाला स्वस्तही असू शकतो. दराचा घोळ टाळायचा असेल, तर कर्जाची रक्कम आणि मुदत सारखी ठेवून दोघांना हप्ता आणि सगळी फी विचारावी, आणि पाच ओळींचा हिशेब दोन्हीकडे करावा. ज्याचे एकूण कमी, तो स्वस्त.

हप्ता घटवला की काय वाढते?

“दोन हजार नऊशे जास्त वाटतो? मुदत वाढवून देतो.” हे वाक्य शोरूममध्ये हमखास ऐकू येते. तेच ८१,००० आणि तोच दहा टक्के फ्लॅट दर ठेवून मुदत बदलून पाहू.

२४ महिने: हप्ता ४,०५०, एकूण दिलेले १,२४,५६०
३६ महिने: हप्ता २,९२५, एकूण दिलेले १,३२,६६०
४८ महिने: हप्ता सुमारे २,३६३, एकूण दिलेले १,४०,७६०

प्रत्येक जास्तीचे वर्ष ८,१०० रुपयांना पडते. पण हप्त्यातली सवलत सारखी मिळत नाही. दोनाची तीन वर्षे केली की हप्ता १,१२५ ने उतरतो. तीनाची चार केली की जेमतेम ५६० ने. चौथे वर्ष तेवढेच महाग, पण दिलासा निम्मा.

या ८,१०० रुपयांचे वजन किती, ते एका ताज्या गोष्टीवरून लक्षात येईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आपल्या उदाहरणातल्या ८५,५०० च्या स्कूटरमागे ही बचत सुमारे ७,२०० रुपयांची होते. सरकारने कर कमी केला, आणि गिऱ्हाइकाने हप्ता हलका व्हावा म्हणून मुदत एका वर्षाने वाढवली, की ती सगळी बचत व्याजात जाऊन वर आणखी ९०० रुपये खिशातून जातात.

डाउन पेमेंटचा परिणाम याच्या उलट होतो. ३६ महिन्यांच्या या कर्जात कर्जाच्या प्रत्येक हजारामागे ३०० रुपये व्याज आहे. म्हणून डाउन पेमेंट जितके हजार वाढेल, तितके तीनशे वाचतात. २५,००० च्या जागी ४०,००० भरले, तर कर्ज ६६,००० वर येते, हप्ता सुमारे २,३८३ होतो आणि फी तीच धरली तरी एकूण १,२८,१६० पडतात. हा हप्ता जवळजवळ चार वर्षांच्या कर्जाएवढाच आहे, पण एकूण रक्कम त्यापेक्षा १२,६०० रुपयांनी कमी. हलका हप्ता हवा असेल, तर मुदत ताणण्याआधी दोन-तीन महिने थांबून डाउन पेमेंट वाढवता येते का, हे पाहणे शहाणपणाचे. मात्र त्यासाठी दवाखान्याला किंवा शाळेच्या फीला राखलेले पैसे मोडू नयेत. पुढे हप्ता चुकला तर वाचवलेले तीनशे तिथेच जातात.

“शून्य डाउन पेमेंट” या पाटीचाही हाच अर्थ लावावा. तिथे पूर्ण १,०६,००० वर व्याज लागते. त्याच दराने तीन वर्षांचे व्याज ३१,८०० होते. “शून्य टक्के व्याज” अशी पाटी असेल, तर तोच माल रोखीने घेतल्यास किती सूट मिळते आणि फी किती आहे, हे विचारावे. हप्त्याने घेणाऱ्याला नाकारलेली सूट हेही एक प्रकारचे व्याजच आहे.

हिशेबाबाहेरचे खर्च

आपले १,३२,६६० हे सर्व हप्ते वेळेवर गेले तरचे आहेत. खात्यात शिल्लक नसल्याने हप्ता परत गेला, तर दोन ठिकाणी फटका बसतो. कर्ज देणारी संस्था बाउन्स चार्ज लावते आणि आपली बँकही स्वतःचे शुल्क कापते. उशिरासाठी दंड निराळा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार हा दंड व्याजदरात भर घालून लावता येत नाही, वेगळे शुल्क म्हणूनच लावावा लागतो, आणि त्या दंडावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. पगार सात तारखेला होत असेल आणि हप्त्याची तारीख पाच असेल, तर ती बदलून घेण्याचा आग्रह पहिल्याच दिवशी धरावा.

मध्येच बोनस मिळाला आणि कर्ज फेडून टाकावे असे वाटले, तर फ्लॅट दराची दुसरी बाजू दिसते. १८ हप्ते भरले, म्हणजे ५२,६५० रुपये गेले, अर्धी मुदत संपली. पण मुद्दल निम्मे झालेले नसते. ८१,००० पैकी सुमारे ४५,९०० अजून बाकी असतात, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. पहिल्या २,९२५ मध्ये सुमारे १,२१० रुपये व्याजाचेच होते. तेव्हा उरलेले १८ हप्ते भरण्याऐवजी एकदम बाकी चुकती केली, तर ६,७०० च्या आसपास वाचतात. मुदतपूर्व फेडीवर समजा चार टक्के शुल्क आणि वर जीएसटी असेल, तर त्यातले सुमारे २,१५० जाऊन साडेचार हजार हाती राहतात. वैयक्तिक कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर असे शुल्क घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. दुचाकीचे कर्ज मात्र बहुतेक वेळा स्थिर दराचे असते, म्हणून शुल्क किती हे सहीआधीच पाहावे.

आणखी एक जागा तपासावी. कर्जासोबत कर्जदाराचा विमा, आरोग्य कार्ड, रस्त्यावरची मदत अशा गोष्टी जोडलेल्या असतात. गाडीचा विमा कायद्याने लागतोच, आणि नव्या दुचाकीला सप्टेंबर २०१८ पासून थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. बाकीच्या जोडण्यांची गरज आहे का, ते आपण ठरवायचे. नको असेल ती काढायला सांगावी आणि नवा हप्ता लिहून घ्यावा.

मागायचा कागद

हे सगळे आकडे एकाच कागदावर मिळण्याची सोय आता झाली आहे. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ ला परिपत्रक काढले आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या सर्व नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे केएफएस, देणे बँका आणि फायनान्स कंपन्यांना बंधनकारक केले. कर्जाची रक्कम, मुदत, हप्ता, प्रत्येक फी, दंडाची शुल्के, एपीआर आणि हप्त्यागणिक परतफेडीचा तक्ता त्यात असावा लागतो. संस्थेने इतरांच्या वतीने घेतलेला विम्याचा हप्ताही एपीआरमध्ये धरावा लागतो. कर्जदाराला समजेल अशा भाषेत तो द्यायचा असतो, म्हणजे मराठीत मागायला संकोच नको. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी त्यातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात. “आजच सही करा, उद्या दर बदलेल” या घाईला हे चोख उत्तर आहे. केएफएसमध्ये न दाखवलेली फी कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर आकारता येत नाही.

शेवटचा हप्ता गेल्यावरही एक काम उरते. आरसी बुकावर कर्ज देणाऱ्या संस्थेच्या बोज्याची नोंद असते. तिच्याकडून ना हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत ती नोंद उतरवावी. नाहीतर सगळे पैसे फिटूनही गाडी विकताना अडचण येते.

येत्या दसऱ्या-पाडव्याला गाडी घेणार असाल, तर केएफएस घरी आणा आणि त्याच्या पाठीवर पाच ओळी लिहा: डाउन पेमेंट, हप्ता गुणिले महिने, वेगळी भरलेली फी, एकूण, आणि ऑन-रोड किमतीपेक्षा जास्त किती. पाचव्या ओळीतला आकडा घरच्यांना वाचून दाखवा. तो सगळ्यांना मान्य असेल, तरच सही करा.